डबे रिकामे होत होते आणि नाव दादावर येत होतं

मी नागपुरात किशोरवयीन मुलांसोबत काम करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ही केस घरच्यांच्या आणि मुलीच्या परवानगीने लिहितेय, नाव, घर, नात्यातल्या काही गोष्टी बदलल्यात. वजनाचे आकडे दिलेत कारण त्यांच्याशिवाय ही केस कळतच नाही, पण ती किती खायची किंवा वजन कसं उतरवलं त्याचा हिशोब मुद्दाम दिलेला नाही.

पार्श्वभूमी

तिला स्वरा म्हणू. वय १६, अकरावी सायन्स, सोबत नीटचे क्लासेस. घर प्रताप नगरकडे, पाचव्या मजल्यावर फ्लॅट. आई बँकेत, बाबांचं दुकान, घरात आजी, आणि यवतमाळहून क्लासेससाठी येऊन राहिलेला १८ वर्षांचा चुलत भाऊ, ज्याला सगळे दादाच म्हणतात. दादाचं वजन ९६ किलो, हे आत्ताच लक्षात ठेवा.

स्वरा लहानपणापासून गुबगुबीत. जूनमध्ये अकरावीच्या ॲडमिशनसाठी मेडिकल सर्टिफिकेट काढलं तेव्हा उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय २८ च्या वर. त्याच महिन्यात एका लग्नात कोणीतरी काकू बोलली, "डॉक्टर होशील तेव्हा पेशंटला काय सांगशील गं, वजन कमी करा?" सगळे हसले, ती पण हसली. दुसऱ्या दिवसापासून साखर बंद, मग भात बंद, मग रात्रीचं जेवण बंद.

आणि घरच्यांना आनंद झाला! ह्यात मी त्यांना दोष देत नाही, सोळा वर्षांची पोरगी स्वतःहून तेलकट सोडते, सकाळी अंबाझरीला चालायला जाते, कोणाला वाईट वाटेल. गणपतीत नातेवाईक आले तर "काय मेन्टेन केलंय" एवढंच सुरू होतं. नवरात्रात तिने नऊ दिवस उपवास धरला, आजी खूश, पण आजीनेच पहिल्यांदा एक गोष्ट पाहिली, की ही साबुदाण्याची उसळ खात नाही, भगर खात नाही, शेंगदाण्याला हात लावत नाही, मग हा उपवास कसला? आजीने सुनेला सांगितलं, सून म्हणाली अहो आई तिला अभ्यासाचं टेन्शन आहे.

अडचण काय होती

दिवाळीनंतर घरात एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले. चिवडा रात्री अर्धा डबा असायचा, सकाळी तळाला चुरा. फ्रीजमधल्या उरलेल्या पोळ्या गायब, जॅमची बाटली आठवड्यात खलास. संशय अर्थात दादावर, तो जाड ना. आईने त्याला दोनदा सुनावलं, बाबांनी त्याच्या आईवडिलांना यवतमाळला फोन केला, शेवटी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लागलं. तो बिचारा म्हणत राहिला "काकू, मी नाही खाल्लं", पण ऐकतं कोण.

डिसेंबरमध्ये स्वरा क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. घराजवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर केलं, सगळं नॉर्मल. वजन ५५, "अरे वा, बीएमआय एकदम बरोबर आलाय" असं म्हणून मल्टीव्हिटॅमिन दिलं. पाळी चार महिने नव्हती, ती अभ्यासाच्या ताणावर गेली.

माझ्याकडे ते जानेवारीत आले, आणि खरं सांगायचं तर जेवणासाठी आलेच नव्हते. "मॅडम, ही चिडचिड करून राहिली, कोणाशी बोलत नाही, डिप्रेशन आहे का बघा." ती समोर बसलेली, जाड हुडी घातलेली. आई सहज म्हणाली की ही हुडी तर ऑक्टोबरपासून अंगावर आहे. नागपूरचा ऑक्टोबर ज्याने पाहिलाय त्याला कळेल मी तिथे का थांबले. हात घेतला तर बर्फासारखा थंड, नखं निळसर, दंडावर बारीक मऊ लव. आणि चेहरा मात्र भरलेला, दोन्ही गाल कानाच्या खाली फुगलेले. आई म्हणाली, "वजन कमी झालं तरी चेहरा बघा कसा भरला आहे, तब्येत तर चांगली आहे." गळ्याची हाडं दिसतायत आणि गाल फुगलेत, हे एकत्र बसत नाही. सतत उलट्या होत असल्या की कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, दुखत नाहीत, म्हणून लोकांना ते बाळसं वाटतं. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यावर दोन जुने खरचटल्याचे डागही होते, उलट्या काढणाऱ्यांच्या हातावर दिसतात तसे.

इथे मी पहिली चूक केली. आई बाजूला बसलेली असतानाच विचारलं, "जेवल्यावर उलटी काढतेस का?" ती म्हणाली नाही, आणि पुढची वीस मिनिटं हो-नाहीच्या पुढे गेलीच नाही.

काय काय शक्यता होत्या

त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा बोलावलं, आईला बाहेर बसवलं. ह्यावेळी "खाण्याचा त्रास आहे का" असं विचारलंच नाही, कारण त्याला पोरं नाहीच म्हणतात. विचारलं की काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय झालं ते सांग. ती म्हणाली, "काल खूपच खाल्लं, लाज वाटते." काय खाल्लं? दोन पेढे. आता हे बिंज, म्हणजे ताबा सुटून थोड्या वेळात भरमसाठ खाणं, नाही. तिला ते बिंज वाटतंय, आणि त्या वाटण्याची नोंद घ्यायचीच, पण कोणीही खाईल एवढंच ते खाणं आहे. मग विचारलं, असं कधी झालं का की हात थांबलाच नाही? ती बराच वेळ गप्प राहिली, मग बोलली.

रात्री दीड-दोनला सगळे झोपले की ती उठायची. लाइट न लावता, ओट्याजवळ उभ्याने, डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून ओढणीत धरून. एका रात्री अर्धा डबा चिवडा, बाराएक चकल्या, तूप-साखर लावून पाच-सहा पोळ्या, सगळं अर्ध्या तासात, चव पण कळत नव्हती म्हणे. "मॅडम, मला दिसत होतं मी खातेय, पण मी नव्हती थांबवू शकत." मग बाथरूम, आणि दुसरा अख्खा दिवस उपाशी, शिवाय पाच मजले चढ-उतर. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, साधारण दहा आठवड्यांपासून.

म्हणजे डबे दादाने नव्हते संपवले.

आता हे ऐकून बरेच जण म्हणतील बुलिमिया, झालं. खातेय, उलटी काढतेय, वजन नॉर्मल. माझ्याही डोक्यात पहिलं तेच आलं. पण हे आजार लक्षणांच्या यादीने वेगळे होत नाहीत, कारण उलट्या ॲनोरेक्सियातही, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहून वजन पाडत नेण्याच्या आजारातही असतात, आणि खा-खा ॲनोरेक्सिया, बुलिमिया, बिंज ईटिंग डिसऑर्डर ह्या तिन्हीत असू शकते. मी आणि आमचे सायकियाट्रिस्ट तीन गोष्टी बघतो: वजन कुठून कुठे आलं, खा-खा झाल्यावर पुढे काय होतं, आणि हे सगळं कोणत्या क्रमाने सुरू झालं.

बिंज ईटिंग डिसऑर्डर आधी बाजूला पडलं. त्यात खा-खा असते, ताबा सुटतो, नंतर स्वतःची किळस येते, एकट्याने लपून खाणं असतं, पण नंतर ते भरून काढण्याची धडपड नियमितपणे नसते. आणि भरून काढणं म्हणजे फक्त उलटी नव्हे हं, दुसऱ्या दिवशी कडक उपाशी राहणं, जिने चढत सुटणं, जुलाबाच्या गोळ्या, हे सगळं त्यात मोडतं. स्वरात ते दर वेळी होतं.

बुलिमिया आणि ॲनोरेक्सियाचा प्रश्न अवघड होता. नियम असा की वजन खूप उतरलेलं असेल आणि सोबत खा-खा, उलट्या असतील तर त्याला ॲनोरेक्सियाचाच एक प्रकार म्हणायचं, बुलिमिया नाही. ब्रिटिश सायकियाट्रिस्ट जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं वर्णन केलं ते मुळात ॲनोरेक्सियाचंच एक धोक्याचं रूप म्हणून, तेव्हा हे दोघं किती जवळचे आहेत ते समजा. पण स्वराचं वजन "उतरलेलं" म्हणायचं का? ५३ किलो, बीएमआय २१. चार्टवर ती मधोमध बसते.

मग मी आईला शाळेची जुनी हेल्थ कार्डं आणायला लावली, दुसरीपासूनची. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ते सगळे ठिपके चार्टवर मांडले. आठव्या वर्षापासून ही मुलगी आपल्या वरच्या रेघेवरून सरळ वाढत आलेली, कधी इकडे तिकडे नाही, आणि जूननंतर ती रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली. ७१ वरून ५३, म्हणजे सात महिन्यांत अंगाचा चौथा हिस्सा गेला. डिसेंबरमध्ये ५५ होतं, म्हणजे सहा महिन्यांत २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आयसीडी-११, तिच्यात सहा महिन्यांत २० टक्क्यांहून जास्त वजन पडलं असेल तर बाकीची लक्षणं जुळत असल्यास तेही ॲनोरेक्सियासाठी धरता येतं. डीएसएम-५ ह्या अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या निदानाच्या पुस्तकात अशा मुलांना ॲटिपिकल ॲनोरेक्सिया म्हणतात, म्हणजे सगळं ॲनोरेक्सियाचं, फक्त वजन अजून नॉर्मलच्या आत किंवा वर. ॲटिपिकल हा शब्द मला आवडत नाही, लोकांना वाटतं सौम्य प्रकार असेल.

आणि क्रम. आधी जूनपासून उपाशी राहणं, मग पाच महिन्यांनी खा-खा. शरीराला इतके महिने उपाशी ठेवलं की ते उलटतंच. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं, त्यांना जाड होण्याची कसलीच भीती नव्हती, तरी ते दिवसभर जेवणाचाच विचार करायचे आणि पुन्हा अन्न मिळाल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खायचे. स्वरा पण रात्री दोन-दोन तास रेसिपीचे व्हिडिओ बघायची, घरच्यांसाठी सांबारवडी करायची आणि स्वतः एकही नाही खायची. तिचा ताबा सुटत होता तो हावरटपणाने नाही, भुकेने.

भीती विचारली. "उद्या वजन दोन किलो वाढलं तर?" ती म्हणाली, "मग मी कॉलेजला नाही जाणार." दादाने काढलेला एक फोटो दाखवला तर त्यात तिला फक्त मांड्या दिसल्या. पाळी बंद असणं आम्ही नोंदवलं पण त्यावर निदान ठरवलं नाही, ती अट डीएसएम-५ ने २०१३ मध्येच काढली.

दादालाही एकदा बोलावलं, कारण घरच्यांना वाटत होतं खरा पेशंट तोच. तो चार समोसे खातो, सगळ्यांसमोर खातो, आवडतं म्हणून खातो आणि पोट भरलं की थांबतो. त्याला वजनासाठी बालरोगतज्ज्ञांनी वेगळं बघितलं, पण खाण्याचा आजार त्याला नाही. जास्त खाणं आणि बिंज ह्यात ताबा सुटण्याचा फरक असतो, तो वजनकाट्यावर दिसत नाही.

काय केलं

निदान काय लिहायचं ह्यावर आमची चर्चा सुरूच होती तेवढ्यात तपासण्या आल्या आणि प्रश्नच बदलला. झोपून नाडी मिनिटाला ४६, उभं केल्यावर ८२. पोटॅशियम २.९, जे साडेतीनच्या वर पाहिजे. नाडी दिवसा ५० च्या खाली आणि वर पोटॅशियम कमी, अशा पोराला घरी पाठवत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाबा म्हणाले, "मॅडम, ती तर चालतबोलत आली, आणि एवढी बारीक पण नाही." त्यांचं बरोबरच होतं की दिसायला काही नव्हतं. पुढच्या महिन्यात क्लासची टेस्ट सिरीज होती, फी भरलेली. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बाबांना ईसीजीची पट्टी टेबलावर पसरून दाखवली, दोन ठोक्यांमधली जागा बोटाने मोजायला लावली. त्यांनी सही केली.

नऊ दिवस ॲडमिट. पोटॅशियम हळूहळू भरलं, जेवण आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत रोज थोडं वाढवत नेलं. इथे एक धोका असतो जो घरी लोकांना माहीत नसतो: बरेच महिने उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फरस झपकन खाली येतं आणि हृदयावर येऊ शकतं. हा धोका नुसत्या अंगकाठीवर नाही, वजन किती पटकन पडलं ह्यावरही असतो. तिचं तिसऱ्या दिवशी पडलंच, रोज तपासत होतो म्हणून सापडलं, तोंडाने औषध देऊन भागलं. म्हणून "आता घरी नेऊन तूप-भात चारा" हा सल्ला अशा मुलांसाठी मला भीतीदायक वाटतो.

घरी गेल्यावर कुटुंबाला धरून उपचार सुरू केले, ज्यात सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईबाबा ठरवतात, मुलीशी वाद घालत नाहीत, आणि ती सावरली की हळूहळू तो ताबा तिला परत देतात. दिवसाला तीन जेवणं, तीन मधली खाणी, आणि प्रत्येक खाण्यानंतर तासभर कोणीतरी सोबत. आईने एक महिना रजा काढली. कपाटाचं कुलूप काढायला लावलं. आईला ते पटेना, "मॅडम, मग ती पुन्हा रात्री खाईल ना?" मी म्हटलं दिवसा पोट भरलं की रात्रीचं आपोआप कमी होईल. सहा-सात आठवड्यांत रात्रीचं उठणं बंद झालं. वेगळी अशी कुठलीही युक्ती त्यासाठी केली नाही.

औषधाचा विचार झाला. फ्लुओक्झेटिन बुलिमियात मोठ्या माणसांना उपयोगी पडतं, पण उपाशी मेंदूवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, म्हणून सायकियाट्रिस्टनी आधी वजन येऊ द्या म्हटलं आणि नंतर गरज लागली नाही. निदानाचा हा असा फरक पडतो. हीच मुलगी बिंज ईटिंग म्हणून कोणाकडे गेली असती आणि तिला "संध्याकाळी हलकं खा" सांगितलं गेलं असतं तर कुठे गेलो असतो, कल्पना करा.

दातांच्या डॉक्टरांनी वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली दाखवली, आणि उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नको, नुसत्या चुळा भर असं सांगितलं, कारण ॲसिडने मऊ झालेला थर घासून निघतो. रात्री कोणाला काही सुचेना झालं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्रिजवर चिकटवला, एकदा बाबांनी खरंच लावला, रात्री अडीचला.

पुढे काय झालं

पहिले दोन महिने वाईट गेले. ताट ढकलणं, रडणं, "तुम्ही मला जाड करून राहिले" असं ओरडणं. मार्चमध्ये एका आठवड्यात वजन अचानक सव्वा किलो जास्त दिसलं, आई खूश, लघवी तपासली तर पाण्यासारखी पातळ, म्हणजे काट्याआधी पाणी पिऊन आली होती. रागावलो नाही, पुढच्या वेळेपासून वजन आधी लघवीची तपासणी करूनच घेतलं.

किती वजनापर्यंत जायचं ह्यावर बाबा आणि मी भांडलो म्हणा ना. ते म्हणायचे ५६ पुरे, चार्टवर नॉर्मल आहे. मी म्हणायचे तिची स्वतःची रेघ बघा. आम्ही आकडा ठरवलाच नाही, शरीर काय सांगतं ते बघू म्हटलं. जूनमध्ये ६१ वर पाळी आली, नाडी ६८, हात गरम, आणि आई म्हणाली की वर्षभराने ही पुन्हा विनोद करायला लागली.

नवरात्र आलं तसा पुन्हा प्रश्न, उपवास करायचा का. स्वराने हट्ट धरला, देवाचं आहे म्हणाली. मला वाटलं आता आजीशी वाद होणार. पण आजीच म्हणाली, "तिच्या वाटचा उपवास मी धरते, देवीला मी सांगते." आजीला डायबिटीस आहे, मग तिलाही आम्ही समजावलं, शेवटी घरात कोणीच धरला नाही.

बारावीच्या अभ्यासाच्या दडपणात डिसेंबरमध्ये एकदा पुन्हा उलटी काढली. ह्यावेळी तिनेच त्याच रात्री आईला उठवून सांगितलं. वजन ६३ वर टिकून आहे, आरशाबद्दलचे विचार अजून आहेत, सेशन्स महिन्यातून दोनदा सुरू आहेत.

आता केलं असतं तर वेगळं काय

एक तर उलटीचा प्रश्न आईसमोर विचारला नसता. त्यात चार दिवस गेले, आणि २.९ पोटॅशियमवर चार दिवस म्हणजे थोडे नाहीत.

दुसरं, पहिल्याच भेटीत उभं-झोपून नाडी मी स्वतः मोजायला हवी होती. त्याला घड्याळ लागतं, बाकी काही नाही. डिप्रेशनची केस म्हणून आली म्हणून मी नुसती बोलत बसले.

तिसरं, डिसेंबरमधला तो बीएमआय. त्या डॉक्टरांनी जे केलं ते बहुतेक जण करतात, आजचा आकडा बघतात. "जूनमध्ये किती होतं?" एवढं विचारलं असतं तर महिनाभर आधी सापडलं असतं. पाळी, थंडी वाजणं, चक्कर, बद्धकोष्ठ ह्या प्रत्येकाला वेगळं कारण सापडतं, म्हणून ते वेगवेगळे पडून राहतात.

आणि दादा. त्याच्याशी मी एकच सेशन घेतलं, तेही स्वरासाठी माहिती काढायला. दोन महिने चोर ठरवलेल्या पोराशी कोणी नीट बोललंच नाही, मीही नाही. नंतर आईने सांगितलं की तो आता घरी जेवतच नाही, मेसचा डबा लावलाय, आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानाही आधी विचारतो.